फेरिटिन ‘नॉर्मल’, सॅच्युरेशन ९ टक्के: मग लोह कमी आहे की नाही?

प्रश्न: वय ३४, वजन ५४ किलो, शाळेत शिक्षिका आहे, मुलगा पाच वर्षांचा. वर्षभर थकवा आहे, जिना चढताना धाप लागते, केस गळतात. हिमोग्लोबिन ११.३ आलं. फेरिटिन १३ आहे आणि लॅबच्या कागदावर ते नॉर्मल आहे (रेंज १० ते २९०). पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ९ टक्के आणि त्याच्यापुढे ‘लो’ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले थोडं रक्त कमी आहे, बीट, गूळ, खजूर खा. पाळी तर सगळ्यांनाच येते, माझी काही फार जास्त नाही. मग मलाच का? आणि दोन तपासण्या दोन वेगळ्या गोष्टी का सांगतात?

उत्तर:

त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगत नाहीयेत, ताई. दोन्ही एकच सांगतायत: फेरिटिन म्हणतंय तुमच्या अंगातला लोहाचा साठा संपत आलाय, आणि सॅच्युरेशन म्हणतंय रक्त तयार करायला लोह पुरत नाहीये. घोळ घातलाय तो त्या १० ते २९० च्या रेंजनं.

ही रेंज कशी ठरते ते पाहा. वरवर निरोगी दिसणाऱ्या बायकांचे नमुने घेतात, आकडे चढत्या क्रमानं लावतात, दोन्ही टोकांचे थोडे थोडे सोडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना ‘नॉर्मल’ म्हणतात. पाळी येणाऱ्या वयातल्या कितीतरी बायकांमध्ये लोह मुळातच कमी असतं, त्यामुळे त्या नमुन्यांतच कमतरतेच्या बायका भरलेल्या असतात आणि खालची मर्यादा घसरत १०-१२ पर्यंत येते. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. अर्ध्या वर्गाचा अभ्यास झालेला नसताना त्याच वर्गाच्या मार्कांवरून पासिंग ठरवावं, तसं हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढ स्त्रीसाठी १५ पेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. ही सगळ्यात कडक रेषा, आणि तुम्ही तिच्याही खाली आहात.

या चुकीत मीही सापडले आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका बाईंचं फेरिटिन १२ आलं, कागदावर ‘लो’ नव्हतं, मी ‘लोह ठीक आहे’ म्हणून त्यांची थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी तपासत बसले. सहा महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ८ च्या खाली होतं. तेव्हापासून मी लॅबची रेंज वाचत नाही, आकडा वाचते.

आता तुमचा ‘मलाच का’. तुम्हालाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियात निघाल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याच पाहणीत पुरुष २५ टक्के होते. ती पाहणी फक्त हिमोग्लोबिन मोजते, त्यामुळे हे सगळंच लोहाचं असं नाही; बी-१२, थॅलेसेमिया, सिकल सेल, जुनाट आजारही त्यात आहेत. पण एकाच घरात, एकाच ताटातलं खाणाऱ्या नवरा-बायकोत दुपटीहून जास्त फरक पडतो, तो बराचसा पाळीमुळे आणि बाळंतपणांमुळे.

हिशोब घालून बघू. शरीराला लोह मुद्दाम बाहेर टाकता येत नाही, तशी सोयच नाही. आतड्याच्या आणि कातडीच्या गळणाऱ्या पेशींबरोबर रोज साधारण १ मिलीग्रॅम जातं, तेवढंच. पुरुषाला रोज तेवढं अन्नातून मिळालं की भागलं. बाईचा खर्च इथे संपत नाही. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलीग्रॅम लोह असतं. तुमचं हिमोग्लोबिन ११.३, म्हणजे १०० मिलीलिटर रक्तात सुमारे ३८ मिलीग्रॅम लोह. एका पाळीत ६० मिलीलिटर रक्त जात असेल तर २३ मिलीग्रॅम गेलं. २८ दिवसांवर पसरलं तर रोजचं ०.८ मिलीग्रॅम. वरचं १ धरून रोजची गरज १.८ झाली, नवऱ्याच्या जवळपास दुप्पट.

जमेची बाजू अशी. आपल्या भाकरी-चपाती, डाळ-उसळ, भाजीच्या जेवणात दिवसाला १२-१५ मिलीग्रॅम लोह असतं, कमी नाही. पण धान्य-कडधान्यातलं फायटेट आणि चहातलं टॅनिन ते धरून ठेवतं, आणि १०० तले ८-१० अंगी लागतात. म्हणजे हाती येतं १ ते १.५. रोजची तूट काही दशांश मिलीग्रॅमची, दिसत नाही, जाणवत नाही. ०.४ ची तूट धरली तरी वर्षाला दीडशे मिलीग्रॅमच्या आसपास होते. साठा उतरला की आतडं जास्त लोह ओढायला लागतं, त्यामुळे सगळ्याच बायका खड्ड्यात जात नाहीत. पण त्या तळाशी, काठावर येऊन थांबतात. मग एखादं बाळंतपण किंवा चार-सहा जड पाळ्या आल्या की तोल जातो. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली बाईसाठी रोज २९ मिलीग्रॅम लोह आणि पुरुषासाठी १९ अशी शिफारस केली, त्यामागे हीच बेरीज-वजाबाकी आहे.

तुमचा मुलगा पाच वर्षांचा. एका गरोदरपणाचा लोहाचा एकूण खर्च सुमारे १००० मिलीग्रॅम: बाळ, वार, आईचं वाढलेलं रक्त, बाळंतपणातला रक्तस्राव. वाढलेल्या रक्तातलं थोडं नंतर परत साठ्यात जातं. पण पाळी येणाऱ्या बाईच्या साठ्यात चांगल्या दिवसांतही ३०० च्या आसपासच असतं. बाळंतपणानंतर गोळ्या बंद होतात, पाळी परत सुरू होते, आणि तो खड्डा भरायचा राहून जातो. पाच वर्षांनी येणाऱ्या बायकांची जुनी फाइल काढली की पुष्कळदा तिथूनच सुरुवात झालेली दिसते.

‘माझी पाळी फार जास्त नाही’ हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यावर विसंबत नाही. खोटं बोलतात असं नाही. तुलना करायला आई आणि बहीण असतात, आणि त्यांचीही तशीच असते. म्हणून मी ‘जास्त जाते का’ असं विचारतच नाही. मी विचारते: पहिल्या-दुसऱ्या दिवशी पॅड दोन तासांच्या आत बदलावा लागतो का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? एकावर एक दोन पॅड लावता का? रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडतात का? सात दिवसांच्या पुढे चालतं का? आणि शिक्षिकांना हमखास विचारते, दोन तासिकांच्या मध्ये स्टाफरूमला जावंच लागतं का, त्या दिवसांत गडद रंगाची साडी नेसता का? एका बाईंनी यातल्या चारांना ‘हो’ म्हटलं आणि मग म्हणाल्या, “पण डॉक्टर, नॉर्मलच आहे हो.” पुस्तकात ८० मिलीलिटरच्या पुढे जास्त पाळी मानतात, पण तेवढं मोजत कोणी बसत नाही. ९० मिलीलिटर गेलं तर वरच्या हिशोबानं रोजचा पाळीचा खर्चच १.२ मिलीग्रॅम होतो. एवढी तूट नुसत्या ताटातून भरून निघणं फार अवघड.

आणखी एक विचारते, हसू नका. कच्चे तांदूळ, खडू, माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, यातलं काही खावंसं वाटतं का? लोह उतरलं की ही ओढ लागते. का लागते याचं पक्कं उत्तर नाही, पण लोह भरलं की जाते. एक बाई तांदळाच्या डब्यातून मूठभर तांदूळ घेऊन ओट्याशी उभ्या राहून खायच्या, सासूबाईंच्या नजरेआड. गोळ्या सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्वतःच म्हणाल्या, आता आठवणसुद्धा येत नाही.

आता फेरिटिन. पेशींमध्ये लोह ज्या प्रथिनात भरून ठेवलेलं असतं ते फेरिटिन, आणि त्याचा थोडासा अंश रक्तात उतरतो. निरोगी माणसात रक्तातला हा अंश साठ्याच्या प्रमाणात असतो: रक्ताच्या एका मिलीलिटरमागे १ नॅनोग्रॅम फेरिटिन म्हणजे साठ्यातलं ८ ते १० मिलीग्रॅम लोह, असा ढोबळ हिशोब. तुमचं १३, म्हणजे कणगीत उरलंय १०० ते १३० मिलीग्रॅम. फेरिटिन कमी येण्याचं व्यवहारात एकच कारण, लोह कमी. म्हणून आकडा खाली असला की दुसरा पुरावा शोधावा लागत नाही. कणगी रिकामी असताना फेरिटिन कमीच येईल याची मात्र खात्री नाही, त्याकडे पुढे येते.

१५ च्या वर सगळं आलबेल, असंही समजू नका. १५ ही रेषा अशी आखलीय की तिच्याखाली आलेली बाई जवळजवळ नक्कीच रिकामी असावी. तिच्या वर, १५ ते ३० मध्ये, अस्थिमज्जेचा नमुना घेऊन लोहाचा निळा रंग दिला तर बऱ्याच जणींत तो उमटतच नाही, साठा शून्य. म्हणून आम्ही रोजच्या कामात ३० च्या खाली कमतरता धरतो. अमेरिकेतल्या पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली ॲनिमिया असलेल्यांसाठी ही रेषा ४५ वर नेली. माझा स्वतःचा कल असा: पाळी येणारी बाई, थकवा किंवा ॲनिमिया, आणि फेरिटिन ३० च्या खाली, तर मी वाद घालत नाही, लोह देते. ३० ते ५० मध्ये सॅच्युरेशन बघते.

सॅच्युरेशन म्हणजे काय ते मी पेशंटना एसटीवरून सांगते. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याच्या प्रत्येक रेणूवर लोहासाठी दोन जागा. रक्तात फिरणाऱ्या सगळ्या गाड्यांतल्या एकूण सीट म्हणजे टीआयबीसी. त्यांत बसलेले प्रवासी म्हणजे सीरम आयर्न. सीट किती टक्के भरल्या ते सॅच्युरेशन. तुमच्या रिपोर्टमध्ये सीरम आयर्न आणि टीआयबीसीचे आकडे वेगळे छापलेले असतील, ते बघा. साधारण ३८ आणि ४२० असे काही असतील, कारण ३८ भागिले ४२० गुणिले १०० बरोबर ९. निरोगी माणसात हे २० ते ४५ टक्के असतं.

इथे गंमत अशी की लोह कमी पडलं की यकृत ट्रान्सफेरिन वाढवतं, म्हणजे महामंडळ गाड्या वाढवतं. प्रवासी कमी, सीट जास्त. भागाकारात वरचा आकडा घसरतो, खालचा चढतो, टक्का झपाट्यानं पडतो. १९६४ साली बेंटन आणि फिंच यांनी दाखवलं की सॅच्युरेशन १६ टक्क्यांच्या खाली गेलं की अस्थिमज्जेला रक्तपेशी बनवायला लोह पुरत नाही. साठ वर्षं झाली, तो आकडा अजून वापरात आहे. हल्ली सावधगिरी म्हणून २० धरतात. तुमचे ९ टक्के कुठल्याही हिशोबात बसत नाहीत.

म्हणजे फेरिटिन कणगी दाखवतं आणि सॅच्युरेशन कारखान्याच्या दारात किती माल पोचतोय ते. कमतरता येते तीही याच क्रमानं. आधी कणगी उतरते: फेरिटिन खाली, बाकी सगळं ठीक, हिमोग्लोबिन १३ सुद्धा असू शकतं. मग पुरवठा तुटतो: सॅच्युरेशन २० च्या खाली. मग हिमोग्लोबिन १२ च्या खाली उतरतं, आणि त्याच सुमारास नव्या पेशी लहान व फिकट निघायला लागतात. सीबीसीत पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही ८० च्या खाली जातो आणि आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू वाढतो, कारण जुन्या मोठ्या आणि नव्या लहान पेशी एकत्र फिरत असतात. तुमचं हिमोग्लोबिन ११.३ म्हणजे तुम्ही शेवटच्या पायरीवर आहात, जेमतेम उतरलेल्या. ‘थोडं रक्त कमी’ हे हिमोग्लोबिनपुरतं खरं आहे. पण हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी हलतं. थोडं खाली आलंय, म्हणजे त्याच्यामागचं सगळं आधीच संपलंय.

आता या दोन्ही तपासण्या फसवतात कुठे ते सांगते, कारण तुम्ही पुढे परत रक्त द्यालच.

पहिली फसगत गोळीची. रक्तात कुठल्याही क्षणी फक्त ३-४ मिलीग्रॅम लोह प्रवासात असतं, आणि अस्थिमज्जेला रोज २०-२५ लागतं. बहुतेक लोह जुन्या पेशी मोडून परत वापरलेलं असतं, पण ते दिवसातून कितीतरी वेळा याच गाड्यांतून जातं. एवढा लहान साठा, एवढी वर्दळ, म्हणून सीरम आयर्न तासातासाला हलतं. सकाळी लोहाची गोळी घेऊन दहा वाजता रक्त दिलं तर? गेल्या वर्षी एका मुलीचा रिपोर्ट आला: आयर्न १९०, सॅच्युरेशन ४८ टक्के, फेरिटिन ९. घरच्यांना वाटलं लोह उतू चाललंय आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. फेरिटिननं खरं सांगितलं होतं. गोळी एका दिवसात फेरिटिन फारसं हलवत नाही, सॅच्युरेशन हलवते. म्हणून आदल्या दिवसापासून गोळी नको, सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. नुसतं सीरम आयर्न कोणी लिहून दिलं तर ते पैसे वाचवा, एकट्या त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

दुसरी फसगत उलटी, आणि जास्त अवघड. अंगात दाह असला, म्हणजे संधिवात, क्षयरोग, मूत्रमार्गाचा संसर्ग, आठवड्यापूर्वीचा व्हायरल ताप, की फेरिटिन वर चढतं, साठा असो वा नसो. यकृताला चरबी किंवा सूज असली तरी चढतं. त्याच वेळी यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं. त्याचं काम आतड्याची आणि साठ्याची दारं बंद करणं. कणगीत माल असला तरी दाराला कुलूप. त्यामुळे सॅच्युरेशन पडतं, पण ते लोह नाही म्हणून, की कुलूप आहे म्हणून, हे एकट्या सॅच्युरेशनवरून कळत नाही.

४१ वर्षांच्या एका बाई, आमवात, पाळी जड. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ६२, सॅच्युरेशन ८ टक्के, आणि दाह मोजणारी सीआरपी २४. ६२ पाहून लोह भरपूर आहे असं कोणीही म्हणेल. पण एवढा दाह आणि तरी फेरिटिन फक्त ६२? दाहात ते शेकड्यांत जायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटना दाह असताना रेषा १५ वरून ७० वर नेते. आम्ही पुष्कळदा १०० च्या खाली आणि सॅच्युरेशन २० च्या खाली असं दोन्ही जुळलं की लोह कमी धरतो. तिसरा साक्षीदार टीआयबीसी. दाहात तो खाली येतो, लोहाच्या कमतरतेत वर जातो. त्यांचा ३३० होता. नुसता दाह असता तर २५० च्या खाली गेला असता. म्हणजे दोन्ही होतं. त्यांना शिरेतून लोह दिलं, कारण कुलूप लागलेल्या आतड्यातून गोळी नीट आत जात नाही. दीड महिन्यात हिमोग्लोबिन ११.६ झालं.

तुम्ही ताप, सांधेदुखी असं काही लिहिलेलं नाही. आणि १३ फेरिटिनच्या वर दाह चढलेला असला तर खरा साठा १३ पेक्षाही कमी, निष्कर्ष तोच. म्हणून तुम्हाला सीआरपी करायची गरज नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा, इस्ट्रोजेनमुळे टीआयबीसी थोडा वाढतो आणि सॅच्युरेशन थोडं कमी दिसतं. थोडं. ९ पर्यंत नाही.

बीट आणि गुळाबद्दल एवढंच, की बिटाचा रंग लाल आहे म्हणून त्यात रक्त नाही. १०० ग्रॅम बिटात १ मिलीग्रॅमपेक्षाही कमी लोह असतं. खजूर, गूळ आवडत असेल तर खा, पण हे जेवण झालं, उपचार नाही. जेवणात दोनच बदल खरे कामाचे: उसळीवर लिंबू पिळा, आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा. आंबट भाजी किंवा आमटी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरतं.

गोळीचा हिशोब तुमच्यावरच मांडते. ५४ किलोच्या बाईत साधारण साडेतीन लिटर रक्त. हिमोग्लोबिन ११.३ वरून १३ वर न्यायचं तर त्या रक्तात सुमारे २०० मिलीग्रॅम लोह घालावं लागेल. फेरिटिन ५० वर न्यायला कणगीत अजून ३०० टाकावं लागेल. एकूण ५००. ६० मिलीग्रॅम लोहाची एक गोळी घेतली तर रिकाम्या अंगात त्यातलं १५-२० टक्के, म्हणजे १०-१२ मिलीग्रॅम आत जातं. दिवसाआड घेतली तर तीन महिने लागतात. कोणी तीन महिने सांगितलं तरी बायका सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन १२.५ पाहून थांबतात. त्या वेळी रक्त भरलेलं असतं, कणगी नाही, आणि चार पाळ्यांत पुन्हा तेच.

दिवसाआड का, तर गोळी घेतल्यावर हेप्सिडिन वाढतं आणि साधारण २४ तास दार अर्धं बंद राहतं. लगेचची पुढची गोळी बरीचशी तशीच बाहेर जाते आणि जाताना पोट बिघडवते. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलीग्रॅमच लोह असतं आणि ती अगदी चांगली आहे. दुकानातल्या महाग गोळ्यांच्या पाकिटावर मीठ किती आणि प्रत्यक्ष लोह किती ते वेगळं लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष लोहाचा आकडा बघा. रिकाम्या पोटी घेतलेली उत्तम, मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, पण चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

चार आठवड्यांनी फक्त हिमोग्लोबिन करा. तुमच्या बाबतीत ते १ ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. वाढलं नाही तर फेरिटिन परत करत बसू नका, प्रश्न वेगळा आहे. गोळी खरंच पोटात जातेय का, चहाबरोबर जातेय का, ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे का? हे सगळं ठीक असेल तर गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या सीलिॲक आजाराची तपासणी, बी-१२ आणि एचबीए-२. एचबीए-२ थॅलेसेमिया मायनरसाठी. त्यातही पेशी लहान असतात, पण त्यांची संख्या जास्त असते आणि फेरिटिन ठीक असतं. सीबीसीतला एमसीव्ही भागिले आरबीसी काउंट हा आकडा १३ च्या खाली आला तर ती शंका घ्यायची. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत मी हे आधीच करून घेते. पण लोह फार कमी असताना एचबीए-२ खोटं नॉर्मल येऊ शकतं, म्हणून शंका राहिली तर लोह भरून झाल्यावर पुन्हा.

फेरिटिन तीन महिन्यांनी, गोळ्या संपताना. ५० च्या आसपास आलं की थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांनी एकदा बघायचं. त्या सहा महिन्यांत ते परत २० वर आलं, तर गोळी वाढवण्यात अर्थ नाही. तेव्हा वरचे पाळीचे प्रश्न घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सोनोग्राफी करून घ्या. फायब्रॉइड असेल, कॉपर-टी बसवलेली असेल, थायरॉइड असेल. पहिल्या पाळीपासूनच जास्त जात असेल आणि दात काढल्यावरही रक्त थांबायला वेळ लागला असेल, तर व्हॉन विलेब्रांड या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची तपासणी सांगा, ती कोणी आपणहून सांगत नाही. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल यांनी पाळी कमी झाली की रोजचा तो १.२ चा खर्च निम्म्यावर येतो, आणि मग ताटातलं लोह पुरायला लागतं.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर फेरिटिन ५० वर आल्याशिवाय सुरुवात करू नका. आत्ताच्या १०० मिलीग्रॅमच्या साठ्यावर १००० चा खर्च अंगावर घ्यायचा, आणि मग सातव्या महिन्यात शिरेतून लोह चढवण्यासाठी धावपळ करायची, हे मी फार वेळा पाहिलंय.